रक्त आधी, रुग्ण नंतर

माननीय प्राचार्य, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

माझी नोकरीची सगळी वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून गेली. तेव्हा रक्तपेढीच्या आतून जे दिसतं, ते सांगायला आज तुमच्या रक्तदान शिबिरात आलोय.

तुम्ही दिलेली बॅग तशीच्या तशी कुणाला लावत नाहीत. ती यंत्रात गरगर फिरवली की रक्ताचे थर वेगळे होतात. लाल पेशी तळाशी, वर पिवळसर प्लाझ्मा, मध्ये एक पातळ पांढरट पट्टा. लाल पेशी 2 ते 6 अंशांच्या फ्रीजमध्ये साधारण 35 ते 42 दिवस टिकतात. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर राहतो. प्लेटलेट्स मात्र पाचच दिवस, आणि त्याही सतत हलत्या ट्रेवर ठेवाव्या लागतात. आज जमा झालेल्या प्लेटलेट्स पुढच्या आठवड्यात कुणाच्याच उपयोगाच्या नसतात.

माझं सगळं म्हणणं यातच आलं. एका दिवशी दीडशे बॅगा आणि मग सहा महिने शुकशुकाट, याने रक्तपेढी चालत नाही. 14 जूनला आणि 1 ऑक्टोबरला रक्तदानाचे दिवस म्हणून शिबिरांची गर्दी होते. मे महिन्यात परीक्षा संपतात, वसतिगृहं रिकामी होतात, आणि फ्रीजचे कप्पेही. अपघात मात्र सुट्टी घेत नाहीत. काणकोणहून किंवा वाळपईहून रुग्णवाहिका बांबोळीच्या इस्पितळात पोचते, बाळंतपणात एखादीचा रक्तस्राव थांबत नाही, तेव्हा दाता शोधून, त्याचं रक्त काढून, तपासून लावायला वेळ कुठला? एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया, एवढ्या चाचण्या झाल्याशिवाय बॅग बाहेर पडत नाही. त्या रुग्णाला वाचवतं ते आठवडाभर आधी कुणीतरी दिलेलं रक्त. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. त्यांच्या आईबापांनी दर वेळी कुणाकुणाला फोन करायचे?

आता घरी जे ऐकता त्याबद्दल. ‘रक्त दिलं की अशक्तपणा येतो.’ आपण घेतो 350 मिलिलिटर, 55 किलोच्या वर वजन असेल तर 450 पर्यंत. त्यातला द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो. लाल पेशी व्हायला काही आठवडे लागतात आणि लोहाचा साठा भरायला त्याहून जास्त, म्हणूनच मुलग्यांनी 90 आणि मुलींनी 120 दिवसांचं अंतर ठेवायचं. आज संध्याकाळी फुटबॉलचा सराव आणि जिम नको, उद्यापासून खुशाल खेळा.

‘रक्त देताना आपल्यालाच रोग लागेल’ ही भीती मी खूप जणांच्या डोळ्यांत पाहिली आहे. बॅग, नळी आणि सुई एकसंध, सीलबंद येतात. तुमच्यासमोर फोडायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. वापरलेली सुई पुन्हा कुणालाही टोचली जात नाही. उलट एक विनंती मी फार कळकळीने करतो: फुकट एचआयव्ही तपासून मिळेल म्हणून कुणी रक्त देऊ नका. नुकताच झालेला संसर्ग चाचणीत सुटू शकतो, आणि ते रक्त एखाद्या बाळाला जाऊ शकतं. फॉर्मवरच्या प्रश्नांची उत्तरं खरी द्या. टॅटू नुकताच काढला असेल तर सांगा, वर्षभर थांबा.

‘शाकाहाऱ्यांनी देऊ नये, मुलींनी तर नकोच.’ हिमोग्लोबिन 12.5 आणि वजन किमान 45 किलो असेल, तब्येत ठीक असेल, तर तुम्ही मासे खाता की वरणभात, याने फरक पडत नाही. मुलींनो, बोटातून थेंब घेतल्यावर ‘आज नको’ म्हटलं तर हिरमुसू नका. डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन वाढवा, पुढच्या वेळी या. कमी हिमोग्लोबिन आज कळलं, हेही चांगलंच झालं.

‘माझा गट साधाच आहे, माझ्या रक्ताची काय गरज?’ ओ आणि बी पॉझिटिव्हची मुलं हे हमखास म्हणतात. अहो, दाते त्या गटाचे जास्त, तसे रुग्णही त्याच गटाचे जास्त! सगळ्यात आधी संपतात ते हेच कप्पे.

आज 18 जुलै. आज रक्त देणारे मुलगे 16 ऑक्टोबरला पुन्हा देऊ शकतात, मुली 15 नोव्हेंबरला. बाहेर पडताना या तारखा फोनमध्ये टाका. तेव्हा शिबिर नसलं तरी बांबोळी, म्हापसा, मडगाव इथल्या सरकारी रक्तपेढ्या आहेतच.

आणि उपाशीपोटी कुणी खाटेवर झोपू नका. कँटीनमध्ये भाजी-पाव तयार आहे. खाऊन, दोन ग्लास पाणी पिऊन, पहिल्या टेबलावर फॉर्म घ्या. चला.