शाळेचा गणवेश संच, मुलांसाठी: आकाशी हाफ शर्ट, नेव्ही ब्लू हाफ पँट, पीटी ड्रेससह (इयत्ता 1 ली ते 4 थी)

किंमत ₹1,950. बाजीराव रोडच्या दुकानातून न्या किंवा घरपोच मागवा (पुणे शहरात ₹60). पंधरा जूनच्या आधीच्या आठवड्यात 28 नंबर सर्वांत आधी संपतो.

संचात काय आहे: 2 शर्ट, 2 हाफ पँट, पांढरा पीटी टी-शर्ट आणि ट्रॅक पँट, 2 जोड मोजे, इलॅस्टिकचा टाय, पट्टा, शर्टाची 4 जादा बटणं. शाळेचा बिल्ला यात नाही, तो शाळेतूनच घ्यावा लागतो. रंगाची छटा शाळेच्या सूचनापत्राशी पडताळून मगच ऑर्डर द्या.

कोणता नंबर घ्यावा: वयापेक्षा छातीचं माप खरं. बनियनवरून, काखेखालून टेप फिरवा.

26 नंबर: छाती 22 ते 23 इंच, साधारण 6-7 वर्षं
28 नंबर: छाती 23½ ते 24½ इंच, साधारण 8 वर्षं
30 नंबर: छाती 25 ते 26 इंच, साधारण 9-10 वर्षं

माप दोन नंबरांच्या मध्ये आलं तर मोठा घ्या. वाढत्या अंगाचा हवा म्हणून दोन नंबर मोठा मात्र घेऊ नका: खांद्याची शिवण दंडावर उतरते, आणि ती आत घेणं म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवणं. वाढीची सोय पँटमध्ये दिली आहे. खाली 2 इंच दुमड आहे, कंबरेला मागे इलॅस्टिक आहे. दुमड सोडल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर बोळ्याने लावून ओलसर कपड्यावरून इस्त्री केली की ती बरीच पुसट होते. टी-शर्ट सुती होजिअरीचा आहे, लांबीत आटतो, म्हणून आम्ही तो मुळातच एक नंबर मोठा घालतो.

धुणं: पहिले दोन वेळा पँट उलटी करून, थंड पाण्यात, वेगळी धुवा. मिठाच्या पाण्याने हा रंग पक्का होत नाही, उगाच भिजत ठेवू नका. मोज्यांना ब्लीच नको, इलॅस्टिक सैल पडतं. चिखल आधी वाळू द्या, ब्रशने झाडा, मग पाणी. ओला चोळला तर तो विणीत शिरतो. बॉलपेनचा डाग साबणाआधी: खाली जुनं फडकं धरा, सॅनिटायझर टाका, टिपत राहा, घासू नका. शर्ट-पँट टेरिकॉट आहे, त्यामुळे इस्त्री मध्यम ठेवा. फार तापली तर पँटवर चकाकी येते आणि ती जात नाही. टायला इस्त्री नकोच. जुलैच्या झडीत मशीनमध्ये जादा वेळ पिळून पंख्याखाली वाळवा. दमट राहिलेल्या कपड्याला कुबट वास लागतो.

बदलून मिळेल: 10 दिवसांत, लेबलसह, न धुतलेला. घरी आल्या आल्या शर्ट घालून हात वर करायला सांगा. पोट उघडं पडलं तर एक नंबर मोठा लागेल. मोजे आणि टाय बदलून मिळत नाहीत. सुटा शर्ट ₹380, सुटी पँट ₹420.