ऊसतोडीवरचा माहितीपट : प्रश्नपत्रक

इयत्ता नववी, २६ मिनिटे

पाहण्यापूर्वी
१. नकाशात बीड व कोल्हापूर शोधा. दिवाळीच्या सुमारास मजूर कुठून कुठे जातात? पावसाच्या आधारे कारण लिहा.
२. ‘कोयता’, ‘उचल’, ‘मुकादम’ यांचे अर्थ लिहा. चुकले तरी खोडू नका, नंतर पडताळायचे आहेत.

पाहताना एवढंच टिपा : मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर कोण चढतं?

पाहिल्यानंतर
३. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मग उचल कोणाच्या हातात पडते? दृश्याचा पुरावा द्या. नुसतं ‘गरिबीमुळे’ चालणार नाही.
४. हंगामात उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी काय होतं?
५. मुकादमाला बोलायला किती वेळ मिळाला? त्यामुळे तुमचं मत कुठे झुकलं?