विषय: वर्षाची चटणी कुटायला घेतोय, २५ मार्चपर्यंत तुमचं तिखट कळवा

झलक: यंदा सौम्य, मध्यम आणि झणझणीत अशा तीन तिखटांत. नोंद येईल तेवढीच कुटणार.

नमस्कार,

कोल्हापुरात ‘चटणी’ म्हटलं की कांदा-लसूण मसालाच. खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची चटणी हवी असेल, तर तसं वेगळं सांगावं लागतं. आमच्याकडे ही चटणी वर्षातून एकदाच होते. नवी मिरची बाजारात आलेली असते, ऊन कडक असतं आणि वळवाचा पाऊस अजून लांब असतो, तेव्हाच ती कुटून ठेवायची. ते दिवस आता आलेत, म्हणून मार्चच्या पत्रात फक्त चटणीबद्दलच लिहितोय.

यंदा काय बदललं

गेल्या वर्षी आम्ही सगळ्यांना एकच चटणी पाठवली होती. त्यानंतर तुमचे जे निरोप आले, ते मी जानेवारीत इथे रुजू झाल्यावर एकेक करून वाचले. दोन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या. काही घरांत पोरांना ती तिखट लागली, तर काहींनी लिहिलं होतं, “रंग छान आहे, पण ठसका नाही.” दुसरी तक्रार रंगाची होती. दिवाळीपर्यंत पाकिटातली चटणी फिकट पडली होती.

दोन्ही तक्रारी रास्त होत्या, आणि दोन्हींवर यंदा उपाय केलाय.

रंग फिकट पडायचं कारण म्हणजे पारदर्शक पाकीट. मिरचीचा लाल रंग उजेडात आणि हवेत टिकत नाही आणि आमची पाकिटं तुमच्या ओट्याजवळच्या फळीवर उजेडातच असायची. यंदा चटणी चांदीसारख्या आतल्या थराच्या, उजेड आत न जाणाऱ्या पिशवीत येईल, आणि ती अर्ध्या किलोचीच असेल. एक पिशवी वापरात असताना बाकीच्या बंद राहतील.

तिखटाचं गणित मिरचीत आहे. आम्ही दोन मिरच्या वापरतो. ब्याडगी ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली. सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला बेताची. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भाजीला तर्रीचा लाल रंग येतो तो हिच्यामुळे. दुसरी जवारी संकेश्वरी, गडहिंग्लज-संकेश्वर पट्ट्यातली. लांब, सडपातळ आणि चांगली तिखट. गेल्या वर्षी दोन्ही समसमान घेतल्या होत्या. यंदा असं करतोय:

सौम्य: तीन भाग ब्याडगी, एक भाग संकेश्वरी
मध्यम: दोन्ही निम्म्या निम्म्या, म्हणजे गेल्या वर्षीचीच चव
झणझणीत: एक भाग ब्याडगी, तीन भाग संकेश्वरी

गेल्या वर्षी ‘ठसका नाही’ म्हणणाऱ्यांनी बिनधास्त झणझणीत घ्यावी. घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर सौम्य घ्या. तिच्यात मिरची कमी नाही, फक्त ब्याडगी जास्त आहे, त्यामुळे रंगात कुठे कमी पडणार नाही.

डंखावर एक सकाळ

गेल्या आठवड्यात नमुन्याचा पहिला घाणा कुटताना मी कांडपावर गेलो होतो. आदल्या दोन दिवसांत मिरच्यांचे देठ काढून त्या उन्हात कडकडीत वाळवल्या होत्या. कांडपवाल्या मावशींनी पिशवीत हात घातला, एक मिरची मुठीत दाबली आणि कानाजवळ नेली. मोडल्याचा आवाज आला तेव्हाच म्हणाल्या, “घाला.” वाकली असती तर परत उन्हात गेली असती. ओलसर मिरची कुटली तर चटणीला बुरशी धरते आणि मग ती फेकूनच द्यावी लागते.

आमच्या आधी कुणाचा तरी गरम मसाला झाला होता. त्याचा वास आमच्या चटणीला लागू नये म्हणून मावशींनी मूठभर खडेमीठ उखळात कुटून काढून टाकलं, फडक्याने उखळ पुसलं आणि मग मिरच्या घातल्या. त्यानंतर तेलात परतलेले धणे, जिरे, तीळ, खसखस, लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल. मग भाजलेलं सुकं खोबरं आणि खरपूस तळलेला कांदा. सोललेला लसूण आणि मीठ अगदी शेवटी. लसूण पडला की मघाशी कोरडी उडणारी पूड ओलसर होऊन एकत्र येते आणि वासच बदलतो. तो वास कागदावर उतरवायचा मी तीनदा प्रयत्न केला. शेवटी एवढंच लिहितो की तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला भूक लागली होती.

चक्कीवर हेच काम फार लवकर होतं. पण चक्कीत मसाला तापतो आणि वास उडतो. डंख सावकाश कुटतो, म्हणून आम्ही डंखावरच जातो. याच कारणामुळे आधी नोंद मागतोय. दिवसाला ठरावीक घाणेच होतात, आणि जास्तीची कुटून गोदामात ठेवायची नाही असं ठरवलंय.

किती घ्यावी

चार माणसांच्या घरात दोन वेळच्या भाजी-आमटीला दिवसाकाठी चहाचे दोन चमचे चटणी लागते असं धरा. एक चमचा साधारण ३ ग्रॅमचा, म्हणजे दिवसाला ६ ग्रॅम आणि वर्षाला सव्वादोन किलोच्या आसपास. रविवारी तांबडा रस्सा किंवा मिसळ होत असेल, तर तीन किलो घ्या. पहिल्यांदाच घेत असाल तर अर्धा किलो पुरे.

तिन्ही तिखटांचा भाव एकच आहे: ₹६८० किलो, अर्धा किलो ₹३४०. घरपोच पाठवण्याचा खर्च यातच आला. २५ मार्चला रात्री नोंदणी बंद होईल, २७ तारखेपासून कुटायला सुरुवात होईल आणि १० एप्रिलपासून पिशव्या निघतील. पैसे नोंदणी करतानाच भरायचे आहेत, कारण त्यातूनच मिरची घेतली जाते.

तिखट निवडा, किलो लिहा, पत्ता तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

▶ माझी चटणी नोंदवा

चटणी घरी आली की एक करा. बरणी कोरडी ठणठणीत करून तळाशी हिंगाचा खडा ठेवा, चटणी दाबून भरा आणि वर आणखी एक खडा ठेवा. चमचा कायम कोरडाच घाला. आणि पहिल्या दिवशी भाजीत घालण्याआधी वाटीत चमचाभर चटणी घेऊन वर कच्चं शेंगतेल सोडा आणि गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा.

तुमचा,
कंटेंट इंटर्न, ग्राहक पत्र
कोल्हापूर

ता. क. ज्यांनी गेल्या वर्षी फिकट रंगाची तक्रार केली होती, त्यांच्या यंदाच्या नोंदीत अर्धा किलो चटणी आमच्याकडून जास्तीची येईल. वेगळं काही कळवायची गरज नाही, तुमची नावं आमच्याकडे लिहिलेली आहेत.

हे पत्र तुम्हाला महिन्यातून एकदा येतं, कारण तुम्ही आमच्याकडून आधी मसाला घेतला आहे. यापुढे नको असेल, तर ‘यादीतून नाव काढा’ यावर क्लिक करा.