ब्रेकमध्ये जाणारं पेट्रोल

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, सर्व शिक्षक, आलेले पालक आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, सगळ्यांना नमस्कार.

आज २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच दिवशी सर सी. व्ही. रामन यांना रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून आपण आज राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. मी नववीत शिकते आणि हायब्रिड गाडी पेट्रोल कसं वाचवते, हे सांगणार आहे.

गेल्या दिवाळीत माझे मामा पुण्याहून वाईला नवी हायब्रिड गाडी घेऊन आले. वाड्यातल्या प्रत्येकाने त्यांना एकच प्रश्न विचारला, "चार्जिंग कुठे करता?" मामा सगळ्यांना सांगत होते, "चार्जिंग करावंच लागत नाही. पंपावर जाऊन पेट्रोल भरतो." मग पुढचा प्रश्न यायचा, "मग ती बॅटरी कशाला?" हा दुसरा प्रश्न फार चांगला आहे. त्या गाडीला वायर लावून वीज भरता येत नाही, म्हणजे तिच्याकडे जी काही ऊर्जा आहे ती सगळी पेट्रोलमधूनच येते. ऊर्जा निर्माण करता येत नाही, हे आपण शिकलोय. मग तेवढ्याच पेट्रोलमध्ये ती जास्त लांब कशी जाते? याचं उत्तर शोधायचं तर आधी साध्या गाडीत पेट्रोल कुठे वाया जातं ते बघायला हवं.

आपल्या नववीच्या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा आहे. त्यात गतिज ऊर्जेचं सूत्र आहे, एक छेद दोन एम व्ही वर्ग. बाराशे किलोची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे असं धरू. ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. १५ चा वर्ग २२५, त्याला १२०० ने गुणून निम्मे केले की उत्तर येतं १ लाख ३५ हजार ज्यूल. समोर सिग्नल लाल झाला, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, गाडी थांबली. ते १ लाख ३५ हजार ज्यूल कुठे गेले? ब्रेकच्या चकत्या तापल्या आणि ती उष्णता हवेत गेली. सिग्नल हिरवा झाला की तेवढीच ऊर्जा इंजिनाने पुन्हा पेट्रोल जाळून द्यायची.

आता याचं पेट्रोल किती होतं ते बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी ४० लाख ज्यूल ऊर्जा असते. त्यातली पाव भागच चाकांपर्यंत पोहोचली असं धरलं, तर ८५ लाख ज्यूल कामाला आले. ८५ लाखाला १ लाख ३५ हजाराने भागलं तर ६३ येतात. म्हणजे या वेगावरून ६३ वेळा थांबून पुन्हा तेवढाच वेग घेतला, की एक लिटर पेट्रोल निव्वळ ब्रेक तापवण्यात गेलं. हवेचा आणि रस्त्याचा रोध मी यात धरलेलाच नाही. हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही, म्हणून विज्ञानाच्या बाईंना दाखवलं. त्यांनी ते फळ्यावर सगळ्या वर्गाकडून करून घेतलं आणि उत्तर तेच आलं.

हायब्रिड गाडीची सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे. तिच्या चाकांना एक विद्युत मोटर जोडलेली असते. मोटरला वीज दिली की ती फिरते. पण तीच मोटर बाहेरून फिरवली तर ती वीज देते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेलं हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन आपल्याला दहावीत शिकायला आहे.

पण ते आजच बघूया. माझ्या हातात खेळण्यातल्या गाडीची एक मोटर आहे. तिच्या आसावर मी रीळ बसवलंय आणि रिळाला दोरा गुंडाळलाय. तिच्या दोन तारा या दुसऱ्या मोटरला जोडल्या आहेत, आणि त्या मोटरवर कागदाचा पंखा आहे. सेल कुठेही नाही. माझा वर्गमित्र दोरा ओढेल, तुम्ही पंख्याकडे लक्ष द्या. फिरला! दोरा ओढणाऱ्या हाताची ऊर्जा पहिल्या मोटरने विजेत बदलली आणि तारेतून दुसरीकडे पाठवली.

आता दुसरी मोटर काढते आणि पहिलीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडते. पुन्हा दोरा ओढायला सांगते. त्याला विचारा काय वाटतं. जड लागतंय ना? तारा सुट्या केल्या की लगेच हलकं लागतं. मोटरमधून वीज वाहू लागली की ती फिरायला विरोध करते. वीज फुकट मिळत नाही, तिची किंमत आसाच्या गतीतून वसूल होते. गाडीत हा विरोधच ब्रेकचं काम करतो. ड्रायव्हर हलका ब्रेक दाबतो, चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनित्र होते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत जाते. सिग्नल सुटला की तीच वीज मोटरला परत देऊन गाडी हलवायची.

गेलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. मोटर, तारा, बॅटरी, प्रत्येक टप्प्यावर थोडी उष्णता होतेच. अचानक जोरात ब्रेक दाबावा लागला तर मोटर एकटी पुरत नाही, म्हणून नेहमीचे घर्षणाचे ब्रेकही या गाडीत असतातच.

आपल्या गावच्या पसरणी घाटाचं उदाहरण घेऊ. पाचगणीहून वाईला उतरताना आपण पाचशे मीटरहून जास्त खाली येतो. बाराशे किलोच्या गाडीची त्या पाचशे मीटरांची स्थितिज ऊर्जा एम जी एच ने काढली तर सुमारे ६० लाख ज्यूल होते. मामांबरोबर आम्ही पाचगणीला गेलो होतो. उतरताना समोरच्या पडद्यावर बॅटरीच्या पट्ट्या भरत भरत वर गेल्या, आणि घाट संपायच्या आधीच थांबल्या. मला वाटलं काहीतरी बिघडलं. घरी येऊन हिशेब केल्यावर कळलं की यात बिघाड काहीच नाही. मारुतीच्या ग्रँड विटाराच्या हायब्रिड प्रकारात बॅटरी सुमारे पाऊण युनिटची असते, घरच्या लाइट बिलावर असतं तेच युनिट. पाऊण युनिट म्हणजे २७ लाख ज्यूल. तीही बॅटरीच्या आयुष्यासाठी पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवत नाहीत. उताराची ऊर्जा वाऱ्यात आणि टायरमध्ये थोडी जाते, तरीही उरलेली त्या बॅटरीत मावत नाही. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ३० किंवा ४० युनिटांची असते, तिला हा घाट सहज मावतो. हायब्रिडची बॅटरी लहान ठेवतात, कारण तिचं काम एका सिग्नलवर मिळालेलं पुढच्या चढापर्यंत सांभाळणं एवढंच आहे. लहान असल्याने ती हलकी आणि स्वस्तही पडते.

दुसरी बचत सोपी आहे. सिग्नलला किंवा वाहतुकीत गाडी उभी राहिली की हायब्रिडचं इंजिन आपोआप बंद होतं. निघताना मोटर गाडी हलवते, इंजिन लागेल तेव्हा चालू होतं.

तिसरी बचत मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पेट्रोल इंजिन प्रत्येक वेगाला सारखं चांगलं काम करत नाही. मध्यम वेगाने, बऱ्यापैकी ओझं घेऊन चालताना ते पेट्रोलचा सगळ्यात चांगला उपयोग करतं. मुंगीच्या पावलांनी गाडी सरकत असते तेव्हा त्याची कार्यक्षमता फार खाली जाते. मोटरचं उलटं असतं, अगदी शून्य वेगापासून तिच्यात पूर्ण जोर असतो. म्हणून हायब्रिडमध्ये संगणक कामं वाटून देतो. संथ सरकणं मोटरकडे, स्थिर वेग इंजिनाकडे, आणि ओव्हरटेक करताना दोघं मिळून. इंजिनाला सोयीच्या स्थितीत चालवायचं आणि जास्त झालेली शक्ती बॅटरीत टाकायची, असंही तो करतो.

मोटर मदतीला असल्यामुळे इंजिनही वेगळ्या पद्धतीचं वापरता येतं. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० च्या दशकात असं इंजिन बनवलं, ज्यात वायू जितका दाबला जातो त्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो. जळलेल्या वायूकडून जास्त काम काढून घेतलं जातं, पण इंजिनाचा जोर कमी होतो. एकट्या इंजिनावर चालणाऱ्या गाडीला तो कमीपणा जाणवतो. हायब्रिडमध्ये जोराची बाजू मोटर सांभाळते. आजच्या इंजिनांत हाच परिणाम आत येणाऱ्या हवेची झडप उशिरा बंद करून साधतात. टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये प्रियस बाजारात आणली, तिच्यात याच पद्धतीचं इंजिन होतं. मोठ्या संख्येने बनलेली ती पहिली हायब्रिड मोटार.

आता आकडे. ग्रँड विटाराच्या हायब्रिड प्रकाराची चाचणीतली सरासरी लिटरला सुमारे २८ किलोमीटर आहे. त्याच गाडीच्या दुसऱ्या, 'माइल्ड हायब्रिड' प्रकाराची सुमारे २१ आहे. शंभर किलोमीटरला साधारण सव्वा लिटर वाचतं. इथे पालकांनी लक्ष द्यावं असं एक आहे. दोन्हींच्या नावात हायब्रिड आहे, पण माइल्ड प्रकारातली छोटी मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, एकटी गाडी चालवू शकत नाही. म्हणून दुकानात गेल्यावर "इंजिन बंद ठेवून ही चालते का?" असं नक्की विचारा.

साध्या गाडीला शहरापेक्षा हायवेला सरासरी जास्त मिळते. २०१६ च्या प्रियसला अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत शहरात गॅलनला ५४ मैल मिळाले आणि हायवेला ५०. आधी सांगितलेल्या गणितात याचं कारण आहे. शहरात सारखं थांबावं लागतं, म्हणून परत मिळवण्यासारखं बरंच असतं. द्रुतगती मार्गावर तासभर एकाच वेगाने गाडी चालली तर ब्रेकच लागत नाही, आणि मग मोटरला गोळा करायला फारसं काही उरत नाही. वेग वाढला की हवेचा रोधही खूप वाढतो, आणि तिथे गेलेली ऊर्जा कुठल्याच मोटरला परत आणता येत नाही. मामाही म्हणतात की पुणे ते मुंबई जाताना सरासरी खाली येते आणि पुण्यातल्या गर्दीत वर जाते. ज्यांचा प्रवास बहुतेक हायवेचाच आहे त्यांना या गाडीचा फायदा कमी होईल. रोज गावात, बाजारात, सिग्नलमधून जाणाऱ्यांना जास्त होईल. रिक्षा आणि टॅक्सी दिवसभर थांबत-निघत असतात, त्यांना तर सगळ्यात जास्त व्हावा असं मला वाटतं.

प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या टेबलावर या दोन मोटरी आणि घाटाचा पूर्ण हिशेब मांडून ठेवला आहे. तुमच्या घरच्या गाडीचं वजन आरसी पुस्तकातून बघून या, तिच्या एका ब्रेकमध्ये किती पेट्रोल जातं ते आपण तिथे काढू.

धन्यवाद.