पाठ टाचण : चेहरा वाचताना पुरावा कुठे आहे?

इयत्ता : 7 वी (तालुका खटाव, जि. सातारा)
विषय : कला
वेळ : जोडतासिका, 70 मिनिटे
साहित्य : तीन व्यक्तिचित्रांच्या मोठ्या रंगीत प्रती गटागटाला, भिंग, वही. चित्रांची माहिती आधी सांगू नये. ती कळली की मुलं पाहणं थांबवतात.

अध्ययन निष्पत्ती : चित्रातल्या माणसाविषयी विधान करताना विद्यार्थी त्याचा आधार चित्रात बोट ठेवून दाखवतो.

सुरुवात (10 मिनिटे) : यान व्हॅन आयक यांचं 1434 चं अर्नोल्फिनी दांपत्य. पाच मिनिटं कोणीही बोलायचं नाही. मग वहीत दोन रकाने : ‘दिसतं’ आणि ‘वाटतं’.

मुख्य भाग (40 मिनिटे) : बहुतेक मुली-मुलं म्हणतील, ‘बाईंना दिवस गेलेत.’ हसू नये, खोडूही नये. ‘डावा हात काय करतोय?’ एवढंच विचारावं. जड हिरव्या झग्याचा घोळ तिने पोटाशी उचलून धरलाय, हे भिंगातून स्पष्ट दिसतं. तेव्हाच्या श्रीमंत घरांतला हा पेहराव असाच होता हे त्यानंतर सांगावं. मग मागचा गोल आरसा : त्यात दारात उभी असलेली आणखी दोन माणसं दिसतात. ती कोण, याचे अंदाज येऊ द्यावेत, पण सगळे ‘वाटतं’च्या रकान्यात.

दुसरं चित्र मुघल दरबारातल्या बिचित्रचं. जहांगीर वाळूच्या घड्याळावर बसलाय, डोक्यामागे तेजोवलय. समोर चार जण : सुफी शेख, तुर्की सुलतान, इंग्लंडचा राजा जेम्स आणि खाली कोपऱ्यात हातात चित्र घेतलेला स्वतः चित्रकार. बादशहा ग्रंथ कोणाला देतो? शेख तो उघड्या हाताने घेतो की उपरण्यात? या एका बारकाव्यावर भरपूर वेळ द्यावा. राजांना मागे ठेवून फकिराला मान, हे विधान मुलांनी उभं राहण्याच्या क्रमावरून स्वतः काढावं.

तुलना : आरसा खोलीचा खरेपणा दाखवतो; तेजोवलय आणि घड्याळ खरं दृश्य नाही, मोठेपणाची खूण आहे. म्हणून दोन्ही चित्रांना एकच प्रश्न विचारून चालत नाही. ‘हे खरंखुरं नाही’ म्हणून मुघल चित्राला कमी लेखलं जात असेल, तर शिक्षकाने तिथे थांबावं.

मूल्यमापन (20 मिनिटे) : शाराकू यांचं 1794 चं जपानी नटाचं चित्र. पसरलेली बोटं, खाली वळलेलं तोंड. ‘हा माणूस दुष्ट आहे’ असं लिहिणाऱ्याला विचारावं : माणूस, की त्याने केलेली भूमिका? तीन विधानं, प्रत्येकाखाली चित्रातला पुरावा. पुरावा नसलेल्या विधानाला गुण नाहीत, भाषा कितीही छान असली तरी.

पुढचा उपक्रम : औंधचं श्रीभवानी संग्रहालय (1938). तिथे राजा रविवर्मा यांची मूळ चित्रं आहेत; एकाच चित्रासमोर दहा मिनिटं बसावं, सगळं दालन पालथं घालू नये.