महापे येथील खाजगी कंपनीचे स्थितिविवरण आणि तूट खाते, 30 सप्टेंबर 2025 रोजी

टीटीसी औद्योगिक क्षेत्र, महापे, नवी मुंबई येथे विजेच्या उपकरणांसाठी प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या (यापुढे ‘कंपनी’) सभासदांनी विशेष ठराव करून न्यायाधिकरणामार्फत समापनाचा निर्णय घेतला आहे. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 271 व 272 अन्वये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे 30 सप्टेंबर 2025 रोजी अर्ज सादर होत असून, त्यासोबत हे विवरण जोडले आहे. समापनाचा आदेश झाल्यास समापनाची सुरुवात अर्जाच्या तारखेपासून मानली जाते, म्हणून पुढील सर्व आकडे त्याच तारखेचे आहेत. समापनाचा खर्च आणि समापकाचे मानधन त्यांतून वजा केलेले नाही.

विशिष्ट तारण असलेली मालमत्ता. एमआयडीसीचा भाडेपट्ट्याचा भूखंड, त्यावरील इमारत आणि मोल्डिंगची यंत्रे बँकेकडे गहाण आहेत. त्यांची पुस्तकी किंमत 268 लाख रुपये आहे. भूखंड हस्तांतरित करताना एमआयडीसीला द्यावे लागणारे शुल्क वजा करता 195 लाख रुपये हाती येतील असा अंदाज आहे. बँकेचे येणे व्याजासह 160 लाख रुपये असल्याने 35 लाख रुपये शिल्लक उरतात.

तारण नसलेली मालमत्ता. रोख व बँकेतील शिल्लक 1 लाख आणि वीज कंपनीकडील अनामत 5 लाख रुपये पूर्ण मिळतील. फर्निचर, संगणक आणि टेम्पो यांची पुस्तकी किंमत 12 लाख रुपये असली तरी त्यांचे 4 लाखच येतील. येणी 64 लाखांची आहेत, पण त्यांपैकी 41 लाख एकाच ग्राहकाकडे अडकले असून त्याने मालाच्या दर्जाचा वाद काढला आहे. त्या रकमेतून 8 लाख आणि उरलेल्या 23 लाखांतून 18 लाख, असे एकूण 26 लाख रुपये धरले आहेत. साठा 58 लाखांचा आहे. त्यातील कच्च्या दाण्याला बाजारात 14 लाख रुपये मिळतील, मात्र त्याच ग्राहकाच्या साच्यांवर बनवलेला तयार माल दुसरा कोणी घेणार नसल्याने तो भंगाराच्या भावाने 7 लाखांनाच जाईल. अशा प्रकारे 140 लाखांच्या मालमत्तेतून 57 लाख रुपये येतील आणि गहाण मालमत्तेतील शिल्लक मिळवता 92 लाख रुपये उपलब्ध होतील.

कामगारांची देणी. कायम कामगारांचे थकलेले वेतन, रजेचे पैसे, नुकसानभरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळून 22 लाख रुपये देणे आहे. कलम 326 नुसार ही देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने, इतर सर्वांच्या आधी, फेडायची आहेत. गहाण मालमत्तेच्या अंदाजित किमतीत बँक आणि कामगार दोघांचेही पूर्ण भागत असल्याने प्रमाणशीर कपातीची वेळ येत नाही. तथापि विक्री अंदाजापेक्षा फार कमी किमतीला झाल्यास ती येऊ शकते, आणि तेव्हा कामगारांचा हिस्सा बँकेच्या तारणातूनही काढावा लागेल. आदेशापूर्वीच्या दोन वर्षांतील वेतन मालमत्तेच्या विक्रीनंतर 30 दिवसांत देण्याची जी तरतूद त्याच कलमात आहे, तिचे काटेकोर पालन व्हावे अशी आमची आग्रहाची विनंती आहे, कारण कारखाना बंद पडल्यापासून या घरांमध्ये दुसरे उत्पन्न नाही. ही रक्कम वजा करता 70 लाख रुपये राहतात.

अग्रहक्काचे धनको. कलम 327 खाली गेल्या 12 महिन्यांत देय झालेला व न भरलेला टीडीएस 5 लाख, कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे अधिसूचित मर्यादेतील वेतन व रजेचे पैसे 8 लाख, आणि भविष्य निर्वाह निधी व राज्य विमा यांचे 5 लाख, असे एकूण 18 लाख रुपये येतात. मर्यादेबाहेरचे 3 लाखांचे वेतन आणि 12 महिन्यांहून जुनी 6 लाखांची आयकर मागणी यांना हा अग्रहक्क नाही, म्हणून त्या रकमा विनातारण धनकोंमध्ये दाखवल्या आहेत. आता 52 लाख रुपये उरतात.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. समापनाऐवजी कंपनीवर दिवाळखोरी संहितेखाली लिक्विडेशन सुरू झाले, तर कलम 326 व 327 लागू होत नाहीत आणि वाटपाचा क्रम संहितेच्या कलम 53 नुसार ठरतो. तसे झाल्यास हे विवरण नव्याने करावे लागेल.

तरता भार. कंपनीच्या साठ्यावर व येण्यांवर एका वित्तसंस्थेचा तरता भार 31 जानेवारी 2025 रोजी, म्हणजे समापनाच्या सुरुवातीपूर्वी अवघ्या आठ महिन्यांवर, निर्माण झाला. वित्तसंस्था 30 लाख मुद्दल व त्यावरील व्याजासाठी तारणाचा दावा करते. त्यापैकी 18 लाख रुपये त्या दिवशी रोख मिळाले, तर 12 लाख ही त्याआधीची जुनी थकबाकी होती आणि तिच्यासाठी कंपनीला नवे काहीही मिळाले नाही. भार दिल्यानंतर लगेच कंपनी आपली देणी फेडण्यास समर्थ होती असे आम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही, कारण तेव्हा पुरवठादारांची बिले तटलेली होती. म्हणून कलम 332 नुसार रोख 18 लाख आणि त्यावर वार्षिक 5 टक्के दराने आठ महिन्यांचे 60,000 रुपये, मिळून 18.60 लाखांपुरताच भार वैध धरला आहे. करारातील 12 टक्के दराने होणारे जादा व्याज 84,000 रुपये आणि जुने 12 लाख हे कर्ज म्हणून कायम आहेत, पण त्यांना तारण नाही. अग्रहक्काच्या धनकोंची देणी आधी वजा करून मगच तरत्या भाराची रक्कम काढली आहे, कारण इतर मालमत्ता अपुरी पडल्यास ती देणी याच मालमत्तेतून द्यावी लागतात.

विनातारण धनको. त्यांच्यासाठी 33.40 लाख रुपये राहतात, तर त्यांची देणी 132.40 लाखांची आहेत: पुरवठादार 95.56 लाख, संचालकांनी दिलेली कर्जे 15 लाख, वित्तसंस्थेचे तारणाबाहेरचे 12.84 लाख, जुना आयकर 6 लाख आणि मर्यादेबाहेरचे वेतन 3 लाख. पुरवठादारांमध्ये महापे आणि रबाळे येथील लहान साचेकार बरेच आहेत. धनकोंच्या बाबतीत तूट 99 लाख रुपये आहे, म्हणजे समापनाच्या खर्चापूर्वी रुपयाला सुमारे 25 पैसे मिळतील. 75 लाखांचे समभाग भांडवलही पूर्ण बुडते आणि सभासदांच्या बाबतीत तूट 174 लाखांवर जाते.

तूट खाते (1 एप्रिल 2022 ते 30 सप्टेंबर 2025, लाख रुपयांत)

| तपशील | रक्कम |
|---|---|
| 2021-22 चा लाभांश, सप्टेंबर 2022 मध्ये दिलेला | 4 |
| तोटा 2022-23 | 7 |
| तोटा 2023-24 | 19 |
| तोटा 2024-25 | 26 |
| तोटा, एप्रिल ते सप्टेंबर 2025 | 12 |
| इमारत, भूखंड व यंत्रे यांच्या वसुलीतील घट | 73 |
| येण्यांतील घट | 38 |
| साठ्यातील घट | 37 |
| फर्निचर, संगणक, वाहन यांतील घट | 8 |
| एकूण | 224 |
| वजा: 1 एप्रिल 2022 रोजीची राखीव शिल्लक | 50 |
| तूट | 174 |

लाभांश देताना राखीव निधी पुरेसा होता व तोट्याची चाहूल नव्हती. 2023-24 पासूनचा तोटा मुख्यतः मोठ्या ग्राहकाने मागणी कमी केल्यामुळे झाला. त्यानंतरही कारखाना पूर्ण पाळीने चालवण्याचा निर्णय संचालक मंडळाचा होता आणि त्याची जबाबदारी मंडळावर आहे.

सत्यापन. मी, कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक, शपथेवर सांगतो की वरील विवरण माझ्या माहितीनुसार व विश्वासानुसार खरे आणि संपूर्ण आहे, कोणतीही मालमत्ता वा देणे त्यातून लपवलेले नाही, आणि कंपनीची सर्व हिशेबपुस्तके महापे येथील कारखान्याच्या कार्यालयात समापकाच्या तपासणीसाठी उपलब्ध आहेत.

नवी मुंबई, दिनांक 30 सप्टेंबर 2025
व्यवस्थापकीय संचालक, संचालक मंडळाच्या वतीने