मशीन शॉपमधील ईआरपी नोंदी: प्रशिक्षण आणि बदलाची योजना

लागू: तिन्ही पाळ्यांतले ६४ ऑपरेटर, ६ सुपरवायझर. कालावधी: ८ आठवडे.

अडचण कुठे आहे

नोंदी आज पाळी सुटताना, आठवणीने आणि एकदम होतात. जॉब इन्स्पेक्शनला पोचलेला असतो, सिस्टीममध्ये मात्र तो मशीनवरच दिसतो. स्टोअरचा स्टॉक कधी कधी वजा दाखवतो.

याला कामचुकारपणा म्हणणं मला मान्य नाही. मी आठवडाभर शॉपमध्ये उभा राहून पाहिलं. एका टर्नरने हातमोजे काढले, हात पुसले, टर्मिनलपर्यंत गेला, रांगेत थांबला, पासवर्ड दोनदा चुकला, मग सात स्क्रीन भरले. सहा मिनिटं गेली आणि तोवर त्याचं मशीन सायकल संपून उभं होतं. परत येताना तो म्हणाला, "मशीन बंद का होतं ते मीच लिहायचं, आणि मेमोही मलाच मिळणार?" खरा विरोध या प्रश्नात आहे.

आठवडा १ व २: शिकवण्याआधी आपण सुधारायचं

जॉब कार्डावर बारकोड येईल आणि लॉगिन ओळखपत्र स्कॅन करून होईल. ऑपरेटर फक्त चांगले नग, रिजेक्शन आणि कारण एवढंच भरेल. बंद वेळेची ४३ कारणं ९ वर आणायची, तीही शॉपच्या बोलीत: "टूल तुटलं", "माल नाही", "क्रेनची वाट". टर्मिनल ४ वरून ९ होतील.

याच काळात कारखाना प्रमुखांच्या सहीची लेखी हमी सूचना फलकावर लागेल: नोंदीतल्या बंद वेळेवरून कोणालाही मेमो नाही, इन्सेंटिव्ह कपात नाही. कामगार प्रतिनिधींशी आधी बोलूनच मसुदा पक्का करायचा. हमी लागेपर्यंत प्रशिक्षण सुरू करू नये.

आठवडा ३ ते ५: प्रशिक्षण

चौघांचा गट, ३० मिनिटं, मशीनपाशीच आणि पाळीच्या वेळेत. सराव सिस्टीमवर, पण जॉब कार्ड त्यांचंच. शिकवणारे प्रत्येक पाळीतले दोन ऑपरेटर, ज्यांना बाकीचे एरवीही विचारतात. कॉम्प्युटर येणं दुय्यम. चुकीचा आकडा कसा दुरुस्त करायचा हे पहिल्याच दिवशी शिकवायचं. चूक सुधारता येत नाही या भीतीनेच हात मागे राहतो.

आठवडा ६ ते ८: बदल

आधी ग्राइंडिंग, मग टर्निंग, शेवटी मिलिंग. दर आठवड्याला एक विभाग. नवा विभाग सुरू झाला की त्याचं कागदी रजिस्टर एक आठवडा सोबत चालेल, मग सुपरवायझर ते जमा करतील. ऑपरेटरच्या वतीने सुपरवायझरने नोंद भरायची नाही. ही सवय लागली की योजना तिथेच संपली.

सकाळच्या पाच मिनिटांच्या बैठकीत कालच्या बंद वेळेचं सर्वांत मोठं कारण फळ्यावर लिहायचं. संबंधित विभागाने तीन दिवसांत त्याच फळ्यावर उत्तर लिहायचं.

मोजमाप

हजेरीपट मोजणार नाही. काम संपल्यापासून ३० मिनिटांत किती नोंदी झाल्या ते पाहू, आणि दर शनिवारी १० वस्तूंचा स्टॉक हाताने मोजून सिस्टीमशी ताडू. तरीही कोणी नोंद टाळत असेल, तर त्याच्या पाळीचा प्रशिक्षक दोन दिवस त्याच्या मशीनवर सोबत राहील.